थंबनेल लहान झालं की चेहरा, वस्तू, अक्षरं सगळं एकमेकांत मिसळतं. कटआउट आणि बॅकग्राउंडचं काय करू?

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस उत्पादक. दोन हंगामांपासून यूट्यूबवर कपाशीचे व्हिडिओ टाकतो. बोलणं लोकांना आवडतं, पूर्ण पाहतात, पण थंबनेलवर बोट पडत नाही. मित्र म्हणतात की मोबाईलवर काय लिहिलंय तेच कळत नाही.

आत्ताचा व्हिडिओ गुलाबी बोंडअळीवर आहे, त्यातही डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, ओळखून तोडण्यावर. थंबनेल असं केलंय: मागे आमच्या वावराचा फोटो, हिरवीगार कपाशी. डावीकडे मी, कमरेपासून वर, दुपारी दोनच्या उन्हात काढलेला फोटो कापून लावलेला. उजव्या खालच्या कोपऱ्यात डोमकळीचा फोटो. वर पिवळ्या अक्षरांत, लाल किनार देऊन, "कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन". लॅपटॉपवर गिंपमध्ये काम करतो. मोठ्या स्क्रीनवर छान दिसतं. लहान झालं की सगळं हिरवं-पिवळं कालवण होतं. माझ्या केसांभोवती एक पांढरट रेघही दिसते. ती काही केल्या जात नाही.

पायवाट

भाऊ, आधी यूट्यूब स्टुडिओमध्ये फोन नंबर पडताळून घ्या. त्याशिवाय स्वतःचं थंबनेल चढवता येत नाही, व्हिडिओतलीच तीन चित्रं पुढे येतात. माझंही सुरुवातीला तसंच झालं होतं.

कपाशीवाला

पायवाट, ते झालेलं आहे जी. थंबनेल चढतं. वाचता येत नाही, हा प्रश्न आहे.

रानवाटा

माझं ट्रेकिंगचं चॅनेल आहे, अनुभवावरून सांगतो. एक, चेहरा मोठा करा. कमरेपासून नको, छातीपासून वर घ्या. दोन, सॅच्युरेशन वाढवा, हिरवा अजून हिरवा करा, पिवळा अजून पिवळा. रंग जितके भडक तितकं उठून दिसतं. तीन, कटआउटभोवती जाड पांढरी किनार द्या, स्टिकरसारखी. केसांची रेघ त्यात लपून जाते. पिवळं अक्षर आणि लाल किनार मात्र ठेवा, ती जोडी कधी चुकत नाही.

चौकट

मी पुण्यात दोन-तीन मराठी चॅनेलांसाठी थंबनेलं करते, रोजचं काम आहे. रानवाटांचा पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर. दुसऱ्याशी मात्र मी सहमत नाही, आणि कपाशीवाल्यांची मुख्य अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

कपाशीवाले, एक करून पाहा. थंबनेलची प्रत घ्या, `Colors > Desaturate` करून काळी-पांढरी करा आणि रुंदी १६८ पिक्सेलवर आणा. कॉम्प्युटरवर व्हिडिओ पाहताना बाजूला जी यादी दिसते, त्यात थंबनेल साधारण एवढंच, १६८ बाय ९४, दिसत आलंय. आता पाहा: तुमचा चेहरा आणि मागचं पीक यांच्या राखाडीत फरक उरतो का? लाल किनार आणि पान यांच्यात उरतो का?

बहुतेक उरणार नाही. आपल्याकडचा गव्हाळ-सावळा चेहरा, कपाशीचं पान आणि गडद लाल रंग, तिघांचा उजेड जवळजवळ सारखा असतो. मोठ्या चित्रात डोळा त्यांना रंगावरून वेगळं करतो. चित्र एवढंसं झालं की रंगाचा आधार कमी पडतो, उजेड-अंधाराचा फरकच कामाला येतो. सॅच्युरेशन वाढवलं तर हिरवा जास्त हिरवा होईल, पण तेवढ्यानं तो चेहऱ्यापासून सुटणार नाही. वर यूट्यूब आपलं चित्र पुन्हा दाबून साठवतं, आणि अशा दाबण्यात उजेडापेक्षा रंगाचे बारकावे आधी जातात. भडक लाल कडा म्हणूनच फुटल्यासारख्या दिसतात.

कपाशीवाला

करून पाहिलं ताई. चेहरा आणि पराटी एकच राखाडी. लाल किनार तर दिसतच नाही, नुसती पिवळी अक्षरं पांढुरकी दिसतात आणि त्यांच्या कडा पानांत विरतात. डोमकळीचा अर्धा भाग वेळेच्या काळ्या पट्टीखाली गेलाय, हे मला आजवर दिसलंच नव्हतं.

रानवाटा

चौकट, हे पटलं. माझ्या थंबनेलांत मागे आकाश असतं, ते मुळातच फिकं, म्हणून माझं निभावत असणार. जंगलातल्या व्हिडिओंची थंबनेलं माझीही फसतात, त्याचं कारण आज कळलं. स्टिकरच्या किनारीबद्दल मात्र ठाम आहे.

सुगरण

मध्येच विचारते. माझं स्वयंपाकाचं चॅनेल आहे आणि मला चेहरा दाखवायचा नाही. सासरी चालत नाही, आणि मलाही नको. मग थंबनेलवर काय ठेवू? स्टीलची कढई कापली की कडा करवतीसारख्या येतात.

अक्षरवेल

सुगरणताई, तुमच्यावर येतो. आधी अक्षरांचं बोलू द्या, माझा तोच धंदा आहे.

कपाशीवाले, तुमच्या ओळीत पाच शब्द आहेत आणि बहुतेक लांब. १२८० पिक्सेलच्या रुंदीत ते बसवायला दोन ओळी लागल्या असतील, अक्षर फार तर ७० पिक्सेल उंच राहिलं असेल. १२८० चं १६८ होताना सगळं साडेसात पटीनं लहान होतं. म्हणजे तुमचं अक्षर नऊ-दहा पिक्सेलचं उरतं. त्यात "व्यवस्थापन" कुणालाच वाचता येणार नाही.

देवनागरीत आपली अडचण इंग्रजीपेक्षा मोठी आहे. त्यांना सगळी अक्षरं मोठ्या लिपीत, एकाच उंचीची ठोकता येतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते. फाँटचा आकडा १५० दिला तरी शिरोरेषेपासून खालपर्यंतचं अक्षर त्याहून बरंच लहान भरतं. म्हणून मोजायचं ते अक्षर मोजा, आकडा नको. शिरोरेषेपासून पायापर्यंत १३० ते १५० पिक्सेल मिळाले तर लहान चित्रात १७ ते २० उरतात आणि ते वाचता येतं. याचा सरळ अर्थ: दोन किंवा तीन आखूड शब्द, त्याहून जास्त नाही.

"गुलाबी बोंडअळी" हे तर खाली व्हिडिओच्या शीर्षकात येणारच. तेच थंबनेलवर पुन्हा कशाला? तिथे पाहणाऱ्याला करायची गोष्ट लिहा.

कपाशीवाला

"ही कळी तोडा" असं चालेल का? व्हिडिओचा गाभा तोच आहे. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायची, आतली अळी तिथेच संपते.

अक्षरवेल

फारच छान. खाली एकही उकार नाही, त्यामुळे दोन ओळी एकमेकींना धक्का न लावता जवळ ठेवता येतील: "ही कळी" वर, "तोडा" खाली आणि थोडं मोठं. वरच्या ओळीत दोन वेलांट्या आहेत, तेवढी जागा वर सोडा.

फाँट जाड हवा, पण आतली पोकळी शाबूत असलेला. मुक्ता किंवा बलू २ यांचं एक्स्ट्रा बोल्ड वजन घ्या. दोन्ही गूगल फाँट्सवर मोफत आहेत, दोन्ही एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे. मोदक हा फाँट दिसायला लोभस आहे, पण तो इतका भरीव की त्यातल्या फटी लहान आकारात बुजतात. तुमच्या ओळीतला "ळ" तिथे नुसता गोळा होईल.

आणि अक्षरांमधलं अंतर अजिबात वाढवू नका. शिरोरेषा तुटते.

पायवाट

मी फोटोशॉप वापरतो. तिथे मराठी लिहिलं की वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात. म्हणून मी अक्षरं मोबाईलवर करून आणतो.

अक्षरवेल

पायवाट, `Preferences > Type` मध्ये जाऊन `World-Ready Layout` निवडा आणि नवी फाइल उघडा. जुन्या आवृत्तीत त्या जागी दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो. फाँटही युनिकोड हवा. गिंपमध्ये हा त्रास नाही, तिथे जोडाक्षरं सरळ येतात.

चौकट

आता बॅकग्राउंडकडे. लोक आधी बॅकग्राउंड निवडतात आणि त्यावर माणूस, वस्तू बसवत जातात. मी उलटं करते. या चित्रात सगळ्यात आधी काय दिसायला हवं? डोमकळी. तिचा रंग कोणता?

कपाशीवाला

फिकट पिवळा. पाकळ्या उमलत नाहीत, अळी आतून त्या एकमेकींना जखडून ठेवते, त्यामुळे फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं दिसतं.

एक आधीच सांगतो. एकानं मला सुचवलं होतं की त्या फुलावर मोठी गुलाबी अळी चिकटवा, भडक दिसेल. ते मी करणार नाही. फुलातली अळी लहान आणि पांढरट असते, गुलाबी रंग तिला मोठी झाल्यावर चढतो. माझ्या चॅनेलवर शेतकरी येतात. त्यांनी तसलं चित्र पाहिलं की "याला अळीच माहीत नाही" असं म्हणून पुढे जातील. त्याहून वाईट म्हणजे एखादा नवा पोरगा फुलात गुलाबी अळी शोधत बसेल आणि डोमकळी सोडून देईल.

चौकट

हे तुम्ही बोललात ते बरं झालं. वस्तू मोठी करा, तिचं रूप बदलू नका. नुसती कळी मोठी, स्वच्छ दाखवा.

कळी फिकट आहे, म्हणजे तिच्यामागे गडद हवं. भडक पिवळं बॅकग्राउंड, जे सध्या सगळीकडे दिसतं, ते इथे बाद. फिकट पिवळं त्यावर दिसणारच नाही. हिरवं घ्यावं तर मधल्याच उजेडाचं. मी गडद निळं घेईन, `#0B1E4F` च्या आसपास. पांढरी अक्षरंही त्यावर सुटतील, किनारीचा भारही कमी लागेल.

पण इथे अडतं ते तुमच्या काळ्या केसांवर. गडद निळ्यावर काळे केस ठेवले की डोक्याचा आकार हरवतो, नुसता चेहऱ्याचा मुखवटा तरंगतो. म्हणून बॅकग्राउंड सपाट ठेवू नका. उजवीकडे, डोक्याच्या मागे, मोठा गोल ग्रेडियंट द्या, मधल्या-फिकट निळ्याचा, `#5FA8EA` सारखा, आणि तो डावीकडे गडद होत जाऊ द्या. मग काळे केस उजळ भागावर, पिवळी कळी आणि पांढरी अक्षरं गडद भागावर. एकाच निळ्यात दोन्ही कामं होतात.

माणूस उजवीकडे का, तर खाली उजव्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी दिसते. तिच्याखाली तुमचा खांदा गेला तर काही बिघडत नाही. कळी गेली तर सगळं गेलं.

सुगरण

हे निळ्याचं मलाही उपयोगी पडेल. माझं बॅकग्राउंड केशरी असतं आणि त्यावर आमटी, रस्सा, सगळं केशरीच.

रानवाटा

आणि पांढरी किनार? त्याबद्दल कुणी बोलत नाही.

चौकट

बोलते. तुमची युक्ती चालते, मीही घाईत वापरते. पण तिची किंमत आहे. पांढरी किनार चित्रातली सगळ्यात उजळ रेघ होते आणि डोळा माणसाच्या कडेकडे जातो, चेहऱ्याकडे किंवा अक्षरांकडे नाही. इथे अक्षरं पांढरी आहेत, कळी फिकी आहे. तिसरी पांढरी गोष्ट आणली तर तिन्हींची ओढाताण होईल. शिवाय किनार गुळगुळीत यावी म्हणून केसांची टोकं छाटावी लागतात आणि डोकं रबरी दिसतं.

कपाशीवाले, तुमची पांढरट रेघ ही खरं तर दुपारचं आकाश आहे. केसांच्या कडेच्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडं आकाश मिसळलेलं असतं. कापताना ते सोबत येतं. कात्री कितीही नीट चालवली तरी ते तिथे राहतंच, म्हणून कापल्यावर त्याचा रंग बदलावा लागतो.

गिंपमध्ये मी असं करते. इरेझरनं कधीच पुसू नका, लेअर मास्क लावा, म्हणजे चुकलेलं परत आणता येतं. `Foreground Select` नं ढोबळ निवड करा, मग `Select > Shrink` नं निवड एक-दोन पिक्सेल आत घ्या, `Feather` एक पिक्सेल द्या, आणि त्या निवडीचा मास्क बनवा. खांदे, कान, शर्ट एवढ्यानं सुटतात. केसांसाठी मास्क सोडून खुद्द फोटोवर टिचकी मारा, ब्रशचा मोड `Darken only` ठेवा, शेजारच्या केसांचा रंग उचला आणि मऊ ब्रशनं कडेवर फिरवा. हा मोड फक्त फिकट पिक्सेल गडद करतो, काळ्या केसांना हात लावत नाही. आकाशाची रेघ केसांच्या रंगात जाते.

बॅकग्राउंड डोक्यामागे उजळ निळं आहे, त्यामुळे थोडी रेघ उरली तरी खपून जाईल. मागे आकाशच होतं आणि आताही निळंच आहे.

कपाशीवाला

ताई, हे आज रात्री करतो. पण फोटोच बदलावा का? दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या आल्यात, कपाळ चमकतंय.

चौकट

बदलाच. चुकीच्या उन्हातला चेहरा दुरुस्त करण्यात तासभर जातो, नवा फोटो पाच मिनिटांत होतो. व्हिडिओतली फ्रेम मात्र उचलू नका. बोलताना तोंड, हात हलत असतात, त्यामुळे फ्रेम किंचित पुसट असते. चेहरा मोठा केला की ते पुसटपण उघडं पडतं.

सकाळी किंवा संध्याकाळी सावलीत उभे राहा, घराच्या ओसरीच्या कडेला, म्हणजे उजेड एका बाजूनं येईल. फोन हातात धरून सेल्फी नको, जवळून नाक मोठं आणि कान लहान येतात. कुणाला तरी सहा-सात फुटांवर उभं करून मागच्या कॅमेऱ्यानं, दोनपट झूमवर घ्या. तुम्ही चित्रात उजवीकडे असणार आणि कळी डावीकडे, तर उजेड डावीकडून यावा आणि नजरही डावीकडे, थोडी खाली, कळीच्या दिशेनं असावी. कळीचा फोटोही त्याच बाजूच्या उजेडात घ्या. एकावर डावीकडून ऊन आणि दुसऱ्यावर उजवीकडून, असं झालं की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र चिकटवलेलं वाटतं.

फोटो आडवा उलटवून काम भागवायचं असेल तर शर्टाचा खिसा आणि बटणं पाहा. खिसा भलत्या बाजूला गेलेला शेतकऱ्याला लगेच दिसतो.

रानवाटा

आणि तोंड उघडं ठेवा, डोळे मोठे. आश्चर्याचा भाव. त्याशिवाय आजकाल कुणी टिचकी मारत नाही.

कपाशीवाला

हे मला जमणार नाही. गावात उद्या चावडीवर बसायचं असतं.

गोदाकाठ

मी फक्त पाहणारा माणूस, चॅनेल वगैरे नाही. तोंड वासलेलं थंबनेल दिसलं की मी सरळ पुढे जातो. शेतीचा सल्ला तर अशा माणसाकडून मुळीच घेणार नाही. साधा हसरा फोटो पुरे.

चौकट

गोदाकाठ, तुमचा राग समजतो. पण साधा हसरा फोटो इथे चालणार नाही, कारण तो काहीच सांगत नाही. ९४ पिक्सेल उंचीच्या चित्रात चेहरा जेमतेम ६० पिक्सेलचा असतो. त्यात गालावरचं हलकं हसू, डोळ्यांतली चिंता, काही उरत नाही. उरतात दोनच गोष्टी: भुवयांची रेघ आणि तोंडाचा आकार. भाव कोणताही घ्या, पण तो या दोन रेघांमधून वाचता आला पाहिजे.

त्यासाठी आश्चर्यच हवं असं नाही. भुवया एकत्र ओढलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी किंचित खाली, हा "सावध राहा" म्हणणारा चेहरा लहान आकारातही वाचता येतो. चावडीवरही चालतो. तुम्ही शेजाऱ्याच्या वावरात डोमकळी पाहिली तर तुमचा चेहरा जसा होईल तसा करा, पण नेहमीपेक्षा दुप्पट जोर लावून. फोटो काढणाऱ्याला सांगा की प्रत्येक फोटो आधी लहान करून पाहायचा. मोठ्या स्क्रीनवर अति वाटलेला भाव लहान चित्रात बेताचा दिसतो.

भुवयांवर आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर हलका हात फिरवायला हरकत नाही, म्हणजे भुवया थोड्या गडद आणि पांढरं थोडं उजळ. त्वचा मात्र गोरी करू नका. `Curves` मध्ये मधला भाग थोडा उचला, गालाची सावली राहू द्या. ती गेली की चेहरा सपाट होतो.

रानवाटा

मी आश्चर्याच्या बाजूचाच राहतो. माझ्या चॅनेलवर फरक दिसलाय.

चौकट

कड्यावर उभं राहून आश्चर्य वाटणं साहजिक आहे, तुमच्याकडे ते शोभतं. कीडनियंत्रणात शोभेल का, मला शंका आहे. पण माझं म्हणणं मी सिद्ध करू शकत नाही.

अक्षरवेल

अक्षरांच्या किनारीबद्दल राहिलं. गिंपमध्ये अक्षराच्या लेअरवर `Alpha to Selection`, मग `Select > Grow` १२ पिक्सेल, खाली नवा लेअर, त्यात जवळजवळ काळा निळा रंग भरा. असं केलं की किनार पूर्ण बाहेर राहते, अक्षराची जाडी आणि आतली पोकळी तशीच राहते. किनार अक्षराच्या आत शिरली की आधी "ळ" बुजतो, मग वेलांटीचा गोल. १२ पिक्सेल म्हणजे लहान चित्रात दीड पिक्सेल, एवढी पुरते. त्याहून बारीक दिली तर लहान आकारात ती नसल्यातच जमा.

सुगरणताई, कढईच्या कडा करवतीसारख्या येतात कारण जादूची कांडी छाप निवड स्टीलच्या चमकेत गोंधळते. कढईला `Paths` नं हातानं वक्र रेघ काढा. गोल वस्तूला सात-आठ बिंदू पुरतात. चेहऱ्याऐवजी तुमचा हात दाखवा, पळी धरलेला, चिमूट सोडणारा. हातालाही भाव असतो.

सुगरण

हात! हिरव्या बांगड्यांसकट छान दिसेल. करते.

कपाशीवाला

मंडळी, नवं केलं. पुतण्यानं संध्याकाळी ओसरीत फोटो काढले. निळं बॅकग्राउंड, डोक्यामागे उजळ. चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत ४७० पिक्सेल. डावीकडे वर "ही कळी", खाली "तोडा", मुक्ता एक्स्ट्रा बोल्ड, अक्षर १४० पिक्सेल. त्याखाली डोमकळी, माझ्या बोटांत धरलेली. काळं-पांढरं करून १६८ वर आणलं. चेहरा सुटला, अक्षरं वाचता आली. पण कळी आणि बोटं एकमेकांत जातात. बोटं उन्हानं उजळलीत, कळीही फिकी.

केसांची रेघ गेली. एका कानामागे थोडी उरलीय, ती मला एकट्यालाच दिसते.

चौकट

कान सोडून द्या, तिथे कुणी पाहत नाही.

बोटांचं दोन प्रकारे करता येईल. एक, बोटं `Curves` नं थोडी गडद करा, फक्त त्यांची निवड करून, कडेला पाच-सहा पिक्सेल मऊ ठेवून. फार गडद नको, नाहीतर हात आणि चेहरा वेगळ्या माणसांचे वाटतील. दोन, बोटं काढूनच टाका. देठ धरलेली दोन टोकं ठेवा, कळीच्या मागे निळं येऊ द्या. मी दुसरं करेन, पण हातात धरलेली कळी पाहून शेतकऱ्याला तिचा आकार कळतो, तोही मुद्दा आहे. तुमचं पीक, तुम्ही ठरवा.

चढवल्यावर एकदा यूट्यूबनं दाबलेली प्रत उघडून पाहा. `VIDEO_ID` च्या जागी तुमच्या व्हिडिओचा आयडी घाला:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/mqdefault.jpg
```

ही ३२० बाय १८० ची असते. तुमच्या लॅपटॉपवरची फाइल पाहून समाधान मानू नका. अक्षराच्या कडेला भुरकट ठिपके दिसले तर किनारीचा आणि बॅकग्राउंडचा रंग आणखी जवळ आणा.

कपाशीवाला

बोटं गडद केली. आकार कळायला हवा, ते मला महत्त्वाचं वाटतं. दाबलेली प्रत पाहिली, स्वच्छ आहे.

आणि रानवाटा भाऊ, तुमच्यासाठी पुतण्यानं मला न विचारता आश्चर्याचा एक फोटोही काढून ठेवला होता. स्टुडिओमधल्या `Test & compare` मध्ये दोन्ही थंबनेलं लावतो. बाकी सगळं तेच, फक्त चेहरा वेगळा.

चौकट

बरोबर, एकच गोष्ट बदला, नाहीतर निकाल कशामुळे आला ते कळणार नाही. तिथे तीनपर्यंत थंबनेलं लावता येतात आणि दोन आठवडेही लागू शकतात. लक्षात घ्या, ते टिचक्या मोजून विजेता ठरवत नाहीत, कोणत्या थंबनेलमुळे आलेल्यांनी किती वेळ पाहिलं त्यावर ठरवतात. आश्चर्याच्या चेहऱ्यावर टिचक्या जास्त पडल्या आणि लोक लगेच निघून गेले, तर तो हरेल. पाहणारे थोडे असले तर "फरक सांगता येत नाही" असंही उत्तर येतं.

गोदाकाठ

निकाल इथे नक्की टाका. मी मिटल्या ओठांच्या बाजूनं.

रानवाटा

मी उघड्या तोंडाच्या. आणि चौकट, जंगलातल्या थंबनेलसाठी वेगळा धागा काढतो, तिथे या. मागे सगळी झाडी, अंगात हिरवं जॅकेट, आणि जॅकेटचा रंग बदलायचा नाही.